पहाटेचे तीन टेम्पो

(पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर गणिताच्या प्राध्यापकांनी केलेलं भाषण)

मुलांनो, आज सकाळी तुमच्या घरी दुधाची पिशवी आली असेल. ती दुकानात पोचायच्या आधी टेम्पोतून किती किलोमीटर फिरली, हे कुणी विचारत नाही. एका तालुक्याच्या गावातल्या डेअरीने ते विचारलं, आणि त्यातून ऑपरेशन्स रिसर्चचा एक छान प्रश्न समोर आला. अंतरं आणि क्रेट फळ्यावर मावावेत म्हणून मी आकडे सोपे केलेत आणि फेऱ्याही कमी ठेवल्यात. प्रश्न मात्र तोच आहे.

डेअरी गावाबाहेर आहे. पाच ठिकाणी दूध टाकायचं: स्टेशन, बाजारपेठ, कॉलनी, गावठाण आणि हॉस्पिटल नाका. एका टेम्पोत ६० क्रेट बसतात. स्टेशनला २० क्रेट लागतात, बाजारपेठेला ३०, कॉलनीला २५, गावठाणाला २० आणि हॉस्पिटल नाक्याला १५. डेअरीपासून स्टेशन आणि कॉलनी प्रत्येकी ७ किलोमीटर, गावठाण आणि हॉस्पिटल प्रत्येकी ८, बाजारपेठ ९.

जुनी व्यवस्था अशी होती. डेअरीची पहिली दोन गिऱ्हाइकं स्टेशन आणि कॉलनीतली, म्हणून पहिला टेम्पो तिथे जायचा. पुढे बाजारपेठ आणि गावठाण मिळालं, तेव्हा दुसरा टेम्पो आला. हॉस्पिटल नाका सगळ्यात शेवटी, त्याला तिसरा. स्टेशन आणि कॉलनी गावाच्या दोन टोकांना, मध्ये १० किलोमीटर. पहिल्या टेम्पोची फेरी २४ किलोमीटरची, दुसऱ्याची २८, तिसऱ्याची १६. रोज ६८ किलोमीटर. यात कुणाचा आळस नव्हता. गिऱ्हाईक जसं मिळत गेलं तशी फेरी वाढत गेली, आणि एकदा बसलेली घडी कुणी मोडली नाही.

तुम्ही म्हणाल, सगळे मार्ग लिहून काढा आणि सर्वांत छोटा निवडा. पाच ठिकाणी जाण्याचे क्रम १२० होतात, ते एका दुपारी लिहून होतील. पण दुकानं वीस झाली की हेच क्रम २४ वर सतरा शून्यं इतके होतात. संगणकाने सेकंदाला शंभर कोटी तपासले तरी पाऊणशे वर्षं लागतील. पेट्रोलचे टँकर एका डेपोतून अनेक पंपांवर कसे पाठवायचे, हा याच जातीचा प्रश्न जॉर्ज डँट्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ साली मांडला. १९६४ साली क्लार्क आणि राइट या दोघांनी त्यावर जी युक्ती दिली, ती आजही पहिल्या हिशेबासाठी वापरली जाते. मला ती फार आवडते, कारण तिला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

सुरुवातीला समजायचं की प्रत्येक ठिकाणी वेगळा टेम्पो जातो आणि रिकामा परत येतो. स्टेशनची फेरी १४ किलोमीटर, बाजारपेठेची १८, मिळून ३२. आता एकच टेम्पो स्टेशनवरून बाजारपेठेत गेला तर? दोन्हींमध्ये फक्त २ किलोमीटर आहेत. फेरी होते ७ अधिक २ अधिक ९, म्हणजे १८. वाचले १४. स्टेशनवरून परत येणं वाचलं, बाजारपेठेपर्यंत जाणं वाचलं, त्या बदल्यात मधले दोन किलोमीटर वाढले. असा हिशेब प्रत्येक जोडीसाठी करायचा आणि जास्त वाचवणारी जोडी आधी जोडायची. मात्र क्रेट ६० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

जोड्या मोजल्यावर दोन जोड्या बरोबरीत येतात. स्टेशन–बाजारपेठ १४ वाचवते, आणि बाजारपेठ–हॉस्पिटल नाकासुद्धा १४, कारण त्या दोघांत ३ किलोमीटर आहेत. कुठली आधी घ्यायची?

समजा बाजारपेठ आणि हॉस्पिटल आधी जोडलं. ४५ क्रेट झाले. त्यात स्टेशनचे २० घातले तर ६५, टेम्पोत बसत नाहीत. कॉलनी आणि गावठाण १२ वाचवतात म्हणून ते जोडले, तेही ४५. स्टेशन तिथेही बसत नाही. वीस क्रेटसाठी तिसरा टेम्पो धावतो आणि एकूण ५२ किलोमीटर होतात. आता मागे जाऊन स्टेशन–बाजारपेठ आधी घ्या. ५० क्रेट, फेरी १८ किलोमीटर. मग कॉलनी–गावठाण, आणि त्यात कॉलनीच्या बाजूने हॉस्पिटल जोडलं की बरोबर ६० क्रेट. डेअरी, हॉस्पिटल, कॉलनी, गावठाण, डेअरी: २४ किलोमीटर. एकूण ४२, आणि टेम्पो दोनच.

ही युक्ती दर पावलाला समोरचा मोठा फायदा उचलते, पुढच्या पावलाचा विचार करत नाही. म्हणून ती उत्तम उत्तराची खात्री देत नाही. बरोबरीत चुकीची जोडी उचलली तर रोजचे दहा किलोमीटर जातात. आपलं उदाहरण छोटं आहे, म्हणून पडताळा घेता येतो. दोन टेम्पोंत हे पाच गट मावतील अशा वाटण्या तीनच आहेत. उरलेल्या दोन घरी काढून बघा, दोन्ही ५२ वर येतात. मोठ्या गावात असा पडताळा शक्य नसतो. तिथे वेगवेगळ्या सुरुवातींनी हिशेब पुन्हा करतात आणि मिळालेल्या फेऱ्यांमधली ठिकाणं अदलाबदल करून बघतात.

रोजचे २६ किलोमीटर वाचले, म्हणजे महिन्याला ७८०. पण डिझेलपेक्षा मोठी बचत तिसऱ्या टेम्पोच्या भाड्याची आणि चालकाच्या पगाराची. तुमच्या हिशेबात टेम्पोंची संख्या कमी होत नसेल, तर नुसत्या कमी किलोमीटरवर फार खूश होऊ नका.

कागदावर इतकं नीट बसलेलं गणित रस्त्यावर कुठे अडतं? फेरी उलटी फिरवली तरी अंतर २४ किलोमीटरच राहतं, म्हणून दिशा घड्याळाने ठरते. हॉस्पिटलच्या कॅन्टीनला चहासाठी दूध आधी हवं, म्हणून ते पहिलं. पण तिथे रिकाम्या क्रेटची अडचण येते. कालचे पंधरा परत आले तर खाली केलेल्या पंधरांच्या जागी बसतात. कॅन्टीनने दोन दिवसांचे तीस एकदम दिले, तर कॉलनीच्या भरलेल्या क्रेटवर ते ठेवायला जागा उरत नाही. शिवाय रेल्वे फाटक आहे. फाटक पाचला बंद झालं की दोन किलोमीटरला वीस मिनिटं लागतात. म्हणून आठवडाभर चालकाने प्रत्येक थांब्यावर पोचल्याची वेळ वहीत लिहायची. एकाच थांब्यावर रोज उशीर दिसला, तर त्याआधीच्या रस्त्याचं अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजून हिशेब पुन्हा मांडायचा.

आणि दुसरा टेम्पो ६० पैकी ६० भरतो, हे विसरू नका. कोजागिरीला कॉलनीची मागणी पाच क्रेटने वाढली तरी ही फेरी मोडते. पहिल्या टेम्पोत दहा क्रेटची जागा आहे, पण तो कॉलनीकडे जात नाही. त्यामुळे कोजागिरीच्या आदल्या दुपारी मागणीची यादी घेऊन बसावं लागतं, आणि हिशेब दोन टेम्पोंत बसत नसेल तर तिसरा टेम्पो त्या एका पहाटेपुरता भाड्याने सांगावा लागतो.