युगुलगीत (रचना)

युगुलगीत अथवा द्वंद्वगीत म्हणजे दोन पात्रांनी मिळून गायचे गीत होय. त्याची रचना करताना कोणती ओळ कोणाच्या मुखी द्यायची आणि दोन्ही आवाज कोठे एकत्र आणायचे, हे दोन निर्णय गीतकाराला चाल बांधण्यापूर्वीच घ्यावे लागतात. मराठीत हे निर्णय बऱ्याच अंशी व्याकरणाशी बांधलेले आहेत. येथे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तमाशापरंपरेच्या आधारे या रचनेचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे गाव. पुढील काळात कांताबाई सातारकर यांच्या फडामुळेही ते तमाशारसिकांना परिचित झाले. तमाशात दोन पक्षांनी आळीपाळीने गाण्याची रीत जुनी आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शक्ती श्रेष्ठ मानणारा कलगीपक्ष आणि शिव श्रेष्ठ मानणारा तुरापक्ष एकमेकांना कोडी घालतात. मात्र तेथे दोन्ही पक्ष एकाच वेळी गात नाहीत. सवालाचा शब्द नीट ऐकू आला नाही, तर जवाबाला अर्थच राहत नाही. आवाजांची गुंफण होते ती मुख्य गाणारा आणि त्याचे सुरत्ये यांच्यात. ओळीचा शेवट सुरत्ये उचलतात व लांबवतात. यालाच झील धरणे म्हणतात. झीलकरी हे कथेतील पात्र नसल्याने ही गुंफण नाट्याची ठरत नाही. वगात नवरा-बायकोचे किंवा प्रियकर-प्रेयसीचे गीत लिहिताना मात्र दोन पात्रांचे आवाज एकमेकांवर केव्हा यावेत, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

ओळ कोणाची?

मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत एका स्वराचा फरक आहे, पण त्यामुळे ओळीचा मालक ठरतो. समोरच्याला उद्देशून केलेल्या ‘आलास’ आणि ‘आलीस’ या रूपांवरूनही बोलणारा कोण, याचा तर्क करता येतो. याउलट ‘मी जाईन’ हे भविष्यकाळाचे रूप दोघांनाही सारखेच चालते. ‘मी उचल घेतली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून तेही लिंग उघड करीत नाही. ‘आम्ही निघालो’ हे अनेकवचनही स्त्री-पुरुष दोघांना समान आहे.

सारांश, मराठीत काही ओळी एकाच पात्राच्या असतात आणि काही ओळी कोणाच्याही असू शकतात. एकत्र गाण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या ओळी राखून ठेवायच्या. हे भान सुटले की एक ठळक दोष उत्पन्न होतो. एकाच ओळीवर तो ‘जातो’ म्हणतो, ती ‘जाते’ म्हणते आणि समेवरचे अक्षर नेमके पुसट होते. शेवटचा स्वर लांबवला असेल, तर हा दोष मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही जाणवतो.

एक उदाहरण

पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. एका वगातील प्रसंग असा कल्पू : नवऱ्याने उचल घेतली आहे, बायकोला मुलीची शाळा सोडवायची नाही. पहिल्या खर्ड्यात दोघांच्या ओळी अशा येतात :

तो : उचल घेतली, फेडू कैसी
ती : शाळा सुटली पोरीची तर

अर्थावरून वक्ता ओळखता येतो, पण व्याकरण त्याला दुजोरा देत नाही. ओळींची अदलाबदल केली तरी वाक्ये शुद्धच राहतात. म्हणून प्रत्येकाला स्वतःची खूण असलेली दुसरी ओळ द्यावी लागते :

तो : बोल दिला मी, कसा फिरू गं
ती : कशी निघू मी तिला टाकुनी

‘कसा’ आणि ‘गं’ यांनी पुरुष ठरला, ‘कशी’ने स्त्री ठरली. शिवाय ‘कसा फिरू’ला ‘कशी निघू’ असे उत्तर मिळाल्याने दोघांची अडचण एकाच घडणीची आहे, हेही श्रोत्याला कळते. या चारही ओळी सोळा मात्रांच्या, आठ-आठांच्या दोन भागांत विभागलेल्या असल्याने पुढे त्यांचे अर्धे तुकडे करणे सोपे जाते. भांडण वाढले की तो पहिल्या आठ मात्रा गातो आणि ती उरलेल्या आठ मात्रांत तोडून उत्तर देते. आवाज एकत्र येण्यापूर्वी पाळ्या अशा आखूड होत जाव्यात. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ (१७८७) या संगीतिकेतील डॉन आणि झर्लिना यांचे प्रसिद्ध युगुलगीत याच क्रमाने जाते. प्रथम दोघांची पूर्ण कडवी, मग तुटक ओळी आणि ती राजी झाल्यावरच एकत्र गाणे. पाथर्डीच्या या जोडप्यात कोणीही राजी होत नाही. तरी एकत्र ओळ देता येते :

दोघे : एक कोयता, दोन जिवांचा
वाट दूरची कशी सरावी

येथली ‘कशी’ वाटेची आहे, गाणाऱ्याची नव्हे. म्हणून ती दोघांच्या तोंडी बसते. अर्थ मात्र दोन निघतात. कोयता दोघांचा, म्हणून तू चल, असे त्याचे म्हणणे. कोयता दोघांचा, म्हणून तूही जाऊ नकोस, असे तिचे. दोघांचे एकमत झाल्यावरच आवाज मिळवावेत, हा समज अपुरा आहे. शब्द एक आणि हेतू दोन, अशी जागा वगाला अधिक उपयोगी पडते. मात्र तोपर्यंत दोघांची बाजू स्वतंत्रपणे ऐकवलेली असली पाहिजे. हीच ओळ गीताच्या आरंभी ठेवली, तर ती केवळ घोषवाक्य वाटते.

आवाजाची पट्टी

पुरुष सामान्यतः काळी एकच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. काळी एकचा षड्ज धरला, तर मध्य सप्तकातील षड्ज ते पंचम एवढ्या टापूत दोघे एका सप्तकाच्या अंतराने सुखाने गाऊ शकतात. एकत्र ओळीची चाल या टापूत ठेवावी. त्याच्या स्वतंत्र ओळी तार षड्जाकडे नेता येतात; तिच्या ओळी मात्र मंद्र पंचमाकडे उतरवाव्या लागतात, अन्यथा तिचा आवाज किंचाळल्यासारखा होतो. तमाशाच्या फडात पट्टी बहुधा नाचगाणे करणाऱ्या स्त्रीच्या गळ्यावर ठरते आणि पुरुषांना टिपेला गावे लागते. तेथे त्याच्या ओळी आखूड ठेवणे इष्ट.

गीताची तपासणी

लिहून झाल्यावर पात्रांची नावे झाकून गीत तिऱ्हाइताकडून वाचून घ्यावे. ज्या ओळीचा गाणारा त्याला सांगता येत नाही, तेथे खूण वाढवावी अथवा ती ओळ दोघांना द्यावी. दोघांच्या ओळीपाशी तो अडखळला आणि ‘ही बाईचीच असणार’ असे म्हणाला, तर त्या ओळीत एखादे ‘ते’ वा ‘ले’ लपून राहिलेले असते.