शेपटीची पांढरी कड

गेल्या जानेवारीत एका रात्री अकराच्या सुमारास नाशिकहून भाचीचा फोटो आला. खाली एकच ओळ : "मामा, बघ ना, ह्याची शेपटी कुजतेय का?" फोटोत गोल काचेचं भांडं, त्यात निळा फायटर मासा, फ्लॅशचा पांढरा गोळा काचेवर चमकतोय आणि माशाच्या शेपटीच्या कडेला पांढुरकी रेघ. फायटर पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी ही रेघ दिसते. ती रोगाची असू शकते, बरं होण्याची असू शकते, आणि मासा अगदी ठणठणीत असून ती फोनने काढलेलीही असू शकते. तिन्ही शक्यता फोटोवरून वेगळ्या करता येतात, मात्र त्यासाठी फोटो नीट काढावा लागतो आणि शेपटी कशाची बनलेली असते हे ठाऊक असावं लागतं.

माशाचा पर म्हणजे उघडलेली छत्री समजा. आतल्या काड्या हाडाच्या, बारीक तुकडे एकापुढे एक जोडावेत तशा, आणि दोन काड्यांमध्ये ताणलेला पातळ पापुद्रा. रक्तवाहिन्या या काड्यांच्या सोबतीने जातात. म्हणून पर बिघडतो तेव्हा सगळीकडून सारखा बिघडत नाही. पापुद्रा काडीच्या दिशेने फाटतो, रक्त साचलं तर काडीच्या रेषेत लाल दिसतं, आणि जिवाणू लागले तर कडेपासून आत खात येतात. मुळाशी, म्हणजे जिथे पर अंगाला चिकटतो तिथे, सगळं शाबूत असेल तर झडलेला भाग पुन्हा वाढतो. मुळापर्यंत गेलं तर नाही.

भाचीला मी पहिल्यांदा सांगितलं ते औषधाचं नव्हे, फोटोचं. गोल भांड्यात पाणी आणि काच मिळून भिंगाचं काम करतात. मासा फुगलेला दिसतो आणि परांची कड ताणली जाते. फोन भांड्याच्या मध्याशी, माशाच्या डोळ्याच्या पातळीत, काचेला समोरासमोर धरायचा. फ्लॅश बंद. खोलीतला दिवा मालवून दिव्याचा उजेड फक्त भांड्यावर, वरून. काच बाहेरून पुसून घ्यायची. फोनमधला रात्रीचा मोड बंद ठेवायचा, कारण तो चार-सहा फोटो एकत्र जोडतो आणि हलणारी शेपटी त्यात फाटक्या चिंधीसारखी उमटते. बटण दाबून धरून एकदम पंधरा-वीस फोटो घ्यायचे आणि त्यातला सर्वांत स्पष्ट निवडायचा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर कडेचे बारकावे वाटेतच गळतात.

आणखी एक युक्ती फायटरसाठीच आहे. काचेशी छोटा आरसा दहा-पंधरा सेकंद धरला की नर स्वतःलाच शत्रू समजून सगळे पर पसरतो. पसरलेल्या पराचा फोटो मिटलेल्या पराच्या दहा फोटोंइतका उपयोगी. आणि आरसा दाखवूनही त्याने पर उघडलेच नाहीत, तर तेही एक उत्तरच. पर अंगाशी घट्ट मिटून बसलेला मासा बहुधा पाण्यावर नाराज असतो. मात्र आरसा जास्त वेळ धरू नये. आजारी माशाला ती दमणूक परवडत नाही.

रंगाच्या बाबतीत फायटर फसवा. लाल आणि काळा हे रंग कातडीच्या पेशींतल्या रंगद्रव्याचे असतात. चमकदार निळा मात्र तसा नसतो. पेशींमधल्या अतिसूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. त्यामुळे उजेडाचा कोन बदलला की तोच मासा निळ्याचा हिरवट होतो. "काल निळा होता, आज हिरवा झाला" असे घाबरलेले निरोप मला महिन्यातून एक तरी येतात, आणि बहुतेक वेळा बदललेला असतो तो दिवा. याला उपाय सोपा : भांड्याबाहेर काचेला चिकटवलेली कोऱ्या कागदाची पट्टी प्रत्येक फोटोत येऊ द्यायची. पट्टी पिवळी दिसली तर माशाचा रंगही तेवढाच पिवळा झाला आहे असं धरून बघायचं. शिवाय रात्री दिवा लावल्याबरोबर काढलेल्या फोटोत मासा फिका दिसतो, कारण झोपेत पेशींतलं रंगद्रव्य मध्याशी गोळा झालेलं असतं. अर्धा तास थांबावं. एवढं करूनही दिवसा, जागा असताना, तो रोज थोडा थोडा फिका पडत असेल आणि अन्नाकडे पाठ फिरवत असेल, तर ती खरी खूण. उलट मार्बल जातीचा फायटर आठवड्यांत रंग पालटतो, पण त्या काळात खातो-पितो, भांडतो. तो आजारी नाही, त्याची ती जातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवे फोटो आले. आता बघायला काहीतरी होतं. शेपटीच्या कडेला दोन खाचा, अर्धवर्तुळासारख्या पण वेड्यावाकड्या. खाचांच्या काठाला दुधाळ पांढरी किनार, आणि तिच्यात दोन काड्यांच्या टोकाशी लालसर ठिपके. पाठीचा पर मिटलेला.

इथे मी आधी फोनवरच संशय घेतला. फोन फोटो आपोआप धारदार करतो, आणि गडद वस्तूच्या कडेला उजळ पार्श्वभूमी असली की तिथे पांढरी रेघ तो स्वतःच ओढतो. तपासायची रीत अशी की त्याच फोटोतल्या रोपाच्या पानाची कड बघायची. तिथेही तीच रेघ असेल तर ती फोनची. इथे पानाची कड स्वच्छ होती. म्हणजे किनार माशाचीच.

मग प्रश्न चावल्याचा. लांब पराचे फायटर कंटाळून किंवा स्वतःच्या परांच्या ओझ्याने त्रासून कधी कधी शेपटी चावतात. तसं असेल तर रात्रीतून एकदम तुकडा जातो, खाच चंद्रकोरीसारखी नितळ असते आणि कडेला रंग बदललेला नसतो. प्लॅस्टिकच्या धारदार झाडात अडकून फाटलं असेल तर फाट काडीच्या बाजूने सरळ आत जाते. इथे दोन्ही नव्हतं. दुधाळ, असमान, लालसर टोकं : परकुजीची सुरुवात. जाता जाता सांगतो, क्राऊनटेल जातीची शेपटी जन्मजातच झालरीसारखी असते. अशा ठणठणीत माशाला औषधात बुडवलेला मी पाहिला आहे. म्हणून मासा घरी आणला त्याच दिवशी त्याचा एक फोटो काढून ठेवावा, पुढच्या सगळ्या फोटोंना तो मापासारखा लागतो.

परकुज करणारे जिवाणू बहुतेक पाण्यात कायमच असतात. मासा अशक्त झाला की ते जिंकतात. म्हणून पुढचा प्रश्न पाण्याचा, आणि त्याचं उत्तर कुठल्याही फोटोत नसतं. भांडं चार लिटरचं, फिल्टर नाही, हीटर नाही, आणि नाशिकची जानेवारी. थर्मामीटर बुडवल्यावर सकाळी १९ अंश निघाले. फायटरला २४ ते २८ लागतात. दुकानातून आणलेल्या थेंबांच्या किटने अमोनिया तपासला, तो लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास. तो शून्य असायला हवा. माशाची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया सुटतो, आणि तो खाऊन टाकणारे जिवाणू इतक्या छोट्या, फिल्टर नसलेल्या भांड्यात पुरेसे जमतच नाहीत.

तिला मेथिलीन ब्लू घालायची घाई होती. मी नको म्हटलं. ते बुरशीवर चांगलं, पण इथे मूळ कारण पाणी होतं, आणि पाणी निळं केलं की पुढच्या फोटोंत रंगाचा काही अंदाजच येत नाही. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, अँटिक्लोरीन घातलेलं आणि भांड्याच्या पाण्याइतक्याच उबेचं, असं ठरलं. आठवड्याच्या शेवटी वीस लिटरची सपाट काचेची टाकी, छोटा हीटर आणि स्पंजचा फिल्टर आला. हीटर लावल्यावर तापमान एकदम न चढवता दिवसाला दोन अंशांनी वाढवलं. दर तिसऱ्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात एक फोटो.

तिसऱ्या दिवशी लाल ठिपके फिके झाले, खाचा तेवढ्याच. सहाव्या दिवशीही तेवढ्याच, म्हणजे पुढे सरकणं थांबलं होतं. नवव्या दिवशी पुन्हा रात्रीचा निरोप : "मामा, पांढरं वाढतंय!"

नवख्यांची इथे हमखास गफलत होते. पराची नवी वाढ सुरुवातीला रंगहीन असते; पापुद्रा आधी येतो, रंगाच्या पेशी मागून. उजळ पार्श्वभूमीवर ती पांढरट दिसते आणि लोक तिला रोग समजून औषध ओततात. फरक ओळखायला टाकीच्या मागच्या काचेवर काळा कागद लावायचा. कुजलेली किनार अपारदर्शक, त्यामुळे काळ्यावर ती आणखीच पांढरी उठून दिसते. नवी वाढ पारदर्शक, त्यामुळे काळ्यात जवळजवळ विरघळून जाते. तिने घरातला काळा चार्टपेपर लावला आणि फोटो पाठवला. किनार गायब. खाचांच्या काठाला मिलिमीटरभर नवा पापुद्रा आला होता.

उलट निघालं असतं तर मी फोटोंवर विसंबलो नसतो. दुधाळपणा दिवसागणिक आत सरकत असेल, लाली पराच्या मुळाकडे पोचली असेल किंवा अंगावर कापसासारखे पुंजके आले असतील, तर पाणी बदलून भागत नाही; माशांवर उपचार करणारा पशुवैद्य किंवा मत्स्य महाविद्यालयातले जाणकार गाठावे लागतात. आणि काही गोष्टी फोटोत दिसतच नाहीत. कल्ल्यांतला बिघाड ओळखायचा तर मासा किती वेगाने श्वास घेतो आणि किती वेळा पृष्ठभागावर हवा घ्यायला येतो हे मोजावं लागतं, म्हणजे मिनिटभराचा व्हिडिओ हवा. फायटर एरवीही हवा गिळतो. त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो, म्हणून तो वर आला एवढ्यावरून काही ठरत नाही. किती वेळा येतो ते बघायचं.

भाचीने फोटो बंद केले नाहीत. महिन्याभरानंतरच्या फोटोत पारदर्शक कडेत आतल्या बाजूने निळा रंग शिरलेला दिसत होता, कागदावर शाई पसरावी तसा. दोनपैकी एका खाचेतली काडी मात्र वाढताना थोडी वाकली आणि शेपटी तिथे कायमची चुरगळल्यासारखी राहिली. त्याला पुढे काही झालं तर मी फोटोत आधी तिथेच बघीन, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "ती सुरकुती मोजायची नाही, मामा. ती आता त्याचीच आहे."