व्हेज कोल्हापुरी नेमकी कोणत्या चौकटीत?

हॉटेल मॅनेजमेंटच्या परीक्षेत मेन्यू इंजिनिअरिंगचा प्रश्न आला की त्याची ठेवण साधारण ठरलेली असते. चार-पाच पदार्थ, प्रत्येकाचा विक्रीचा दर, एका प्लेटला लागणाऱ्या कच्च्या मालाचा खर्च आणि महिन्यात गेलेल्या प्लेट्स एवढं दिलेलं असतं. मग विचारतात, यातला स्टार कोण, प्लाऊहॉर्स कोण, पझल कोण आणि डॉग कोण? नावं गमतीदार आहेत, पण अर्थ सरळ आहे. जो भरपूर खपतो आणि प्लेटमागे चांगले पैसेही सोडतो तो स्टार. जो खपतो खूप पण सोडतो थोडं, तो प्लाऊहॉर्स, म्हणजे नांगराला जुंपलेला घोडा. पैसे चांगले सुटतात पण गिऱ्हाईक मागत नाही, तो पझल. आणि ज्याचं दोन्हीकडे शून्य, तो डॉग.

ही मांडणी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये केली. चार खणांची कल्पना मात्र त्याआधीची, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपची. मोठ्या कंपन्यांनी कोणत्या धंद्यात पैसा घालावा हे ठरवायला त्यांनी ती वापरली होती. स्टार आणि डॉग ही नावंही तिथलीच. कासावाना आणि स्मिथ यांनी ती मेन्यू कार्डावर आणली आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं. फूड कॉस्टची टक्केवारी कमी ठेवणं म्हणजे धंदा करणं नव्हे. बँकेत रुपये भरायचे असतात, टक्के नव्हे.

एक गणितच सोडवून बघू. समजा, एका रेस्टॉरंटमध्ये मुख्य जेवणाचे पाच पदार्थ आहेत आणि महिन्यात त्यांच्या मिळून १,००० प्लेट्स गेल्या. डाल तडका १६० रुपयांना, खर्च ४०, गेल्या ३८० प्लेट्स. पनीर बटर मसाला २६० ला, खर्च ९०, प्लेट्स २९०. व्हेज कोल्हापुरी २२० ला, खर्च ७०, प्लेट्स १५०. सुरमई फ्राय ४२० ला, खर्च १९०, प्लेट्स ९०. आणि वांग्याचं भरीत १८० ला, खर्च ६५, प्लेट्स ९०.

विक्रीच्या दरातून कच्च्या मालाचा खर्च वजा केला की उरतं ते कॉन्ट्रिब्युशन मार्जिन. पगार, भाडं, गॅस आणि मालकाचा नफा हे सगळं त्यातूनच निघायचं असतं. डाल १२० रुपये सोडते, पनीर १७०, कोल्हापुरी १५०, सुरमई २३० आणि भरीत ११५. टक्क्यांत बघणाऱ्याला इथे डाल फार आवडेल, कारण तिची फूड कॉस्ट जेमतेम २५ टक्के आहे आणि सुरमईची ४५. पण सुरमईची एक प्लेट गेली की डालपेक्षा ११० रुपये जास्त पडतात.

आता पहिली रेघ, खपाची. पाच पदार्थ सारखेच खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के आले असते. पण प्रत्येक पदार्थाकडून तेवढी अपेक्षा धरणं कडक होईल, म्हणून या पद्धतीत त्याच्या ७० टक्के धरतात. म्हणजे रेघ १४ टक्क्यांवर, १४० प्लेट्सवर पडते. दुसरी रेघ पैशांची. पाचही पदार्थांनी मिळून १,४८,४५० रुपये सोडले. त्याला एकूण १,००० प्लेट्सनी भागलं की सरासरी १४८ रुपये ४५ पैसे येते. पनीर दोन्ही रेघांच्या वर, म्हणून स्टार. डाल प्लाऊहॉर्स, सुरमई पझल, भरीत डॉग. आणि कोल्हापुरी? १५० प्लेट्स आणि १५० रुपये, म्हणजे तीही स्टार, पण काठावरची.

प्रश्न काढणाऱ्याला हा काठच हवा असतो. घाईत एखादा विद्यार्थी पाच मार्जिनांची बेरीज करून पाचाने भागतो. १५७ येतात आणि कोल्हापुरी प्लाऊहॉर्स होते. दुसरा ७० टक्क्यांचा नियम विसरतो आणि रेघ सरळ २० टक्क्यांवर मारतो. मग तीच भाजी पझल ठरते. ज्याने दोन्ही चुका केल्या, त्याच्या पेपरात ती डॉग. एकच भाजी, तेच आकडे, आणि चार मुलांच्या पेपरात चार जागा. पेपर तपासणाऱ्याला फक्त कोल्हापुरीचा खण बघून कोण कुठे घसरला ते कळतं.

भागाकार प्लेट्सनीच का करायचा, याचं कारण साधं आहे. डाल ३८० वेळा विकली गेली, सुरमई ९० वेळा. दोघींना सारखं वजन दिलं तर सुरमईचे २३० रुपये सरासरी उगाच वर ओढतात.

पुढचा उपप्रश्न बहुतेक वेळा असा: व्यवस्थापकाला काय सल्ला द्याल? पुस्तकातलं उत्तर पाठ असतं: डॉग काढून टाका. टाकू या. भरीत गेलं आणि त्याचं गिऱ्हाईक दुसरं काही न मागता निघून गेलं असं धरू. आता पदार्थ चार, प्लेट्स ९१०. खपाची रेघ १७.५ टक्क्यांवर, म्हणजे १६० प्लेट्सच्या आसपास गेली. भरीत सरासरी खाली ओढत होतं, ते गेल्यावर पैशांची रेघ चढून १५१ रुपये ७६ पैशांवर आली. कोल्हापुरीच्या प्लेट्स त्याच १५०, मार्जिन तेच १५०, स्वयंपाकघरात काही बदललेलं नाही, तरी कालची स्टार आज डॉग झाली. तोच नियम पुन्हा लावला तर तीही जाते. खरं तर भरीत मागणारे काहीजण कोल्हापुरी मागतीलच, त्यामुळे इतकं होईलच असं नाही. पण प्रत्येक पदार्थाची जागा इतरांच्या तुलनेत ठरते, आणि सरासरी म्हटली की कोणीतरी तिच्या खाली असणारच. म्हणून स्टार्टर आणि मुख्य जेवण एकाच तक्त्यात घालू नये, आणि काठावरच्या पदार्थाचा निकाल एका महिन्याच्या आकड्यांवर लावू नये.

तक्त्यात दिसत नाही असंही बरंच असतं. भरितासाठी वांगी आचेवर भाजायला, सोलायला लागणारा वेळ या गणितात कुठेच नाही. पनीरची ग्रेव्ही सकाळी एकदा करून ठेवता येते. आणि मासे न खाणाऱ्यांचा घोळका सुरमईसाठी आलेल्या एकासोबत बसला असेल, तर ती एक प्लेट बाकीच्यांची बिलंही आणते.

डालचं काय करायचं? प्लाऊहॉर्सचा दर हळूच वाढवा, असं पुस्तक सांगतं. हळूच म्हणजे किती, हे मात्र मोजता येतं. डाल १७० ला केली तर प्लेटमागे १३० सुटतील. पूर्वीचे ४५,६०० रुपये गाठायला ३५१ प्लेट्स पुरतात. म्हणजे महिन्यात २९ प्लेट्स कमी गेल्या तरी डालपुरतं नुकसान नाही. पण डाल न मागता उठून गेलेलं गिऱ्हाईक रोटी आणि जिरा राइसही मागत नाही, तेव्हा खरी सूट २९ पेक्षा कमीच धरावी. परीक्षेत एवढं लिहिलं तर पूर्ण गुण मिळायला हरकत नाही.