क्रिएटिन, मिथाइल गट आणि होमोसिस्टीनचा हिशोब

व्यायामशाळेत जाणारी मुले क्रिएटिनची पावडर घेतात, हे आता गडचांदूरसारख्या गावातही नवे राहिलेले नाही. ‘याने होमोसिस्टीन कमी होते, म्हणजे हृदयालाही फायदा होतो’ असेही त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. या दाव्यामागे खरे जीवरसायनशास्त्र आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. उरलेला अर्धा भाग शाकाहारी माणसाच्या अधिक कामाचा आहे.

क्रिएटिन आपले शरीर स्वतःच तयार करते. स्नायूंना झटक्यात ऊर्जा लागते तेव्हा ते उपयोगी पडते. सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असते. त्यातले दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलते आणि लघवीवाटे जाते. म्हणजे रोज सुमारे दोन ग्रॅमची भरपाई करावी लागते. मांस-मासे खाणाऱ्याला त्यातले अर्धे आहारातून मिळते, कारण एक किलो कच्च्या मांसात चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असते. दुधात ते नाममात्र असते, डाळ-भाताच्या ताटात जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा थोडा कमी असतो, तरीही जवळपास सगळी भरपाई त्याच्या शरीरालाच करावी लागते.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मुख्यतः मूत्रपिंडात घडतो. तिथे आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांपासून ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट तयार होते. ते रक्तातून यकृतात जाते आणि तिथे त्याला एक मिथाइल गट जोडला की क्रिएटिन तयार होते. मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा तुकडा. तो पुरवणाऱ्या रेणूचे नाव एस-अ‍ॅडिनोसिल मिथिओनिन, थोडक्यात ‘सॅम’. मिथाइल गट देऊन टाकल्यावर सॅमचा जो भाग उरतो, त्यापासून होमोसिस्टीन तयार होते. म्हणून क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूमागे होमोसिस्टीनचा एक रेणू जन्माला येतो.

आता प्रमाण पाहू. एक ग्रॅम क्रिएटिन म्हणजे साधारण ७.६ मिलिमोल. तेवढेच मिथाइल गट खर्च होतात आणि तेवढेच होमोसिस्टीन तयार होते. रक्तात होमोसिस्टीनची पातळी लिटरला १० मायक्रोमोल धरली, तर तीन लिटर प्लाझ्मात ते अवघे ३० मायक्रोमोल असते. म्हणजे एका दिवसात केवळ क्रिएटिनपायी जेवढे होमोसिस्टीन तयार होते, ते प्लाझ्मातल्या एकूण साठ्याच्या अडीचशे पट आहे! शरीरातल्या मिथाइल गटांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक क्रिएटिनवर खर्च होतात, असे पूर्वी मानत. नंतरच्या हिशोबात हा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास आला, कारण फॉस्फॅटिडिलकोलीन हे स्निग्ध द्रव्य बनवायलाही मिथाइल गट बरेच लागतात, हे लक्षात आले. तरीही क्रिएटिन हा मोठा ग्राहक आहेच.

मग क्रिएटिन बाहेरून दिले तर? ते मिळताच मूत्रपिंडातला पहिला टप्पा मंदावतो, मिथाइल गट वाचतात, म्हणून होमोसिस्टीन उतरायला हवे. उंदरांवरच्या प्रयोगांत असेच दिसले. क्रिएटिन दिल्यावर होमोसिस्टीन सुमारे पाव हिस्स्याने उतरले आणि ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट दिल्यावर चढले. माणसांत मात्र चित्र एवढे सरळ नाही. बांगलादेशात रोज तीन ग्रॅम क्रिएटिन बारा आठवडे देऊन पाहिले. रक्तातले ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट उतरले, म्हणजे शरीराची निर्मिती खरोखर मंदावली होती, पण होमोसिस्टीन जागचे हलले नाही. काही छोट्या अभ्यासांत, विशेषतः शाकाहारी लोकांत, ते उतरलेलेही दिसले आहे.

असे का होते, हे पाण्याच्या हौदावरून समजते. हौदातली पातळी नळावर अवलंबून असते, तशीच मोरीवरही. होमोसिस्टीनला मुख्य वाटा दोन. एक म्हणजे त्याला मिथाइल गट परत जोडून मिथिओनिन बनवणे, त्यासाठी फोलेट आणि जीवनसत्त्व बी-१२ लागते. दुसरी म्हणजे बी-६ च्या मदतीने त्याचे सिस्टीनमध्ये रूपांतर. शिवाय सॅम जास्त साठले की यकृत जादा मिथाइल गट ग्लायसिनला जोडून खर्ची घालते आणि त्यातूनही होमोसिस्टीनच तयार होते. म्हणून क्रिएटिनपायी वाचलेली बचत पूर्ण पदरात पडत नाही. आणि मोरीच तुंबलेली असेल, तर नळ थोडा बारीक करून किती फरक पडणार?

आपल्याकडे मोरी तुंबलेली असणे सर्रास आढळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. त्यांपैकी ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी निघाले आणि ५८ टक्के जणांचे होमोसिस्टीन १५ मायक्रोमोलच्या वर. त्यात शाकाहारींचा धोका अधिक होता. क्रिएटिन स्वतः बनवण्याचा बोजा ज्याच्यावर जास्त, त्याच्याकडेच बी-१२ कमी, असा हा दुहेरी पेच आहे.

समजा, सिमेंट कारखान्यात काम करणारा अठ्ठावीस वर्षांचा एक शाकाहारी तरुण आहे. तो रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेतो. त्याच्या अहवालात होमोसिस्टीन ३२ आणि क्रिएटिनिन १.४ आले आहे. दोन्ही आकडे पाहून मूत्रपिंड बिघडले, अशी शंका येणे साहजिक आहे, कारण मूत्रपिंडाच्या विकारातही दोन्ही वाढतात. पण क्रिएटिन घेणाऱ्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडे वाढू शकते. म्हणून लघवीतील प्रथिने तपासावीत, पावडर दोन-तीन आठवडे बंद ठेवून क्रिएटिनिन पुन्हा पाहावे किंवा सिस्टॅटिन-सी ही चाचणी करावी.

होमोसिस्टीनच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नमुना कसा पाठवला ते विचारावे. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. खोलीच्या तापमानात ते तासाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. नमुना लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा केला नाही आणि नळी तशीच चंद्रपूर-नागपूरला रवाना झाली, तर आकडा फुगलेलाच येणार.

नमुना नीट घेऊनही आकडा जास्त आला, तर बी-१२, फोलेट आणि थायरॉइड पाहावे. मिथाइलमॅलोनिक आम्लही वाढलेले असेल तर दोष बी-१२ च्या कमतरतेचा असण्याची शक्यता अधिक, कारण केवळ फोलेट कमी असताना ते वाढत नाही. मात्र मूत्रपिंडाच्या विकारातही ते वाढते, हे ध्यानात ठेवावे. बी-१२ दिल्यावर सहा-आठ आठवड्यांत होमोसिस्टीन उतरले, की निदान पक्के होते. नुसते फोलिक आम्ल देऊ नये. त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण बी-१२ अभावी नसांची हानी चालूच राहते. आपल्या भागात सिकलसेलचे अनेक रुग्ण नियमित फोलिक आम्ल घेतात, त्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

होमोसिस्टीन उतरवल्याने हृदयविकार टळतो, असेही म्हणता येत नाही. जीवनसत्त्वे देऊन ते उतरवण्याच्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताबाबत थोडा फायदा काही चाचण्यांत दिसला, तेवढाच. त्यामुळे क्रिएटिन घ्यायचेच असेल तर स्नायूंसाठी घ्यावे, होमोसिस्टीनवरचा इलाज म्हणून नको. ते वाढलेले निघाले, तर आधी बी-१२ तपासून घ्यावे.