कोर्स संपला, जर्नलवर सही झाली; ई-पोर्टफोलिओत नेमकं काय टाकायचं?

सेमिस्टर संपतं, लॉगबुकवर गाईडची सही होते, व्हायवा उरकतो आणि वही कपाटात जाते. पुढे कधीतरी प्लेसमेंटच्या किंवा इंटर्नशिपच्या फॉर्ममध्ये 'पोर्टफोलिओ लिंक' असा रकाना दिसतो आणि धावपळ सुरू होते. मग एका रात्रीत साइट तयार होते. त्यावर सर्टिफिकेटचा फोटो, सर्किटसोबत काढलेला सेल्फी आणि खाली एक वाक्य: 'या कोर्समधून मला खूप काही शिकायला मिळालं.'

हे वाक्य खोटं नसेलही, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. गंमत अशी की, ज्यातून कळलं असतं ते सगळं कपाटातल्या त्या वहीत असतं. वहीतला मजकूर पोर्टफोलिओच्या एका नोंदीत कसा उतरवायचा, ते एका उदाहरणातून पाहू.

वहीतलं काय उचलायचं?

समजा, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. आयओटीच्या कोर्ससाठी तिघांच्या ग्रुपने कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारं यंत्र बनवलं. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला स्वस्त बोर्ड, त्याला ओलाव्याचा सेन्सर, आणि रीडिंग वाय-फायवरून मोबाइलवर. लॉगबुकमध्ये बारा आठवड्यांच्या नोंदी आहेत.

पहिला मोह होतो तो बाराच्या बारा आठवड्यांचा सारांश लिहिण्याचा. तो टाळावा. सारांश लिहिला की तो प्रोजेक्ट रिपोर्ट होतो, आणि रिपोर्ट तर आधीच सबमिट केलेला असतो. पोर्टफोलिओच्या एका नोंदीत एकच गोष्ट हवी: आपली समजूत जिथे बदलली ती जागा. वहीत ती शोधणं फारसं कठीण नसतं. जिथे खाडाखोड जास्त आहे, जिथे एकाच प्रश्नावर सलग दोन-तीन दिवस गेले आहेत, ती पानं आधी उघडा.

या विद्यार्थिनीच्या वहीत तसं पान सहाव्या आठवड्याचं आहे. 'रीडिंग एकाच आकड्यावर अडकलंय. माती कोरडी असो वा ओली, फरक नाही. सेन्सर खराब वाटतो. दुसरा मागवला.' दोन दिवसांनी: 'नवा सेन्सरही तसाच.' आणि सातव्या आठवड्यात: 'वाय-फायचा कोड बंद करून पाहिला. रीडिंग बरोबर येतंय!!'

कारण असं, की या बोर्डात सेन्सरचं व्होल्टेज मोजणारे दोन विभाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२. यातला दुसरा विभाग वाय-फायसुद्धा वापरतं. त्यामुळे वाय-फाय चालू असताना त्या विभागाच्या पिनवर सेन्सर जोडला तर रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. ग्रुपने सेन्सर ४ नंबरच्या पिनवर लावला होता आणि ती पिन एडीसी२ची. एडीसी१मधल्या ३४ नंबरच्या पिनवर वायर हलवली आणि प्रश्न सुटला. कोडमधला बदल एका ओळीचा:

```
- const int SENSOR_PIN = 4;
+ const int SENSOR_PIN = 34;
```

रिपोर्टमध्ये या ओळीला कदाचित जागाही मिळाली नसेल. पोर्टफोलिओच्या दृष्टीने मात्र बारा आठवड्यांतली सगळ्यात मोलाची ओळ हीच.

पुरावा कशाला म्हणायचं?

पुरावा म्हणजे सजावटीचा फोटो नव्हे. नोंदीत तुम्ही जे विधान करता, ते वाचणाऱ्याला स्वतः तपासून पाहता येईल अशी वस्तू म्हणजे पुरावा. म्हणून आधी विधानं लिहावीत आणि मग प्रत्येकासमोर एक लिंक ठेवावी. ज्या विधानासमोर लिंक सापडत नाही, ते एकतर सौम्य करावं किंवा काढून टाकावं.

आपल्या उदाहरणात विधानं तीन आहेत. 'आम्ही आधी सेन्सरला दोष दिला' याला पुरावा म्हणजे सहाव्या आठवड्याच्या पानाचा फोटो, तारखेसकट, खाडाखोडीसकट. ते पान सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढू नका. त्याची किंमत जुनेपणातच आहे. 'दोष पिनच्या निवडीत होता' याला पुरावा म्हणजे सीरियल मॉनिटरचे तीन स्क्रीनशॉट: पिन ४ वाय-फाय चालू, पिन ४ वाय-फाय बंद, पिन ३४ वाय-फाय चालू. पहिले दोन नुसते 'आधी-नंतर' म्हणून ठेवले तर दोष पिनचा की वाय-फायच्या कोडचा, हे ठरत नाही. तिसरा जोडला की ठरतं. आणि 'बदल असा केला' याला पुरावा म्हणजे गिटहबवरची त्या बदलाची लिंक.

तेव्हा स्क्रीनशॉट काढलेच नसतील तर? जुना कोड बोर्डवर पुन्हा चढवून प्रयोग परत करता येतो. फक्त खाली 'हे रीडिंग नंतर पुन्हा घेतलं आहे' असं लिहावं. एवढ्याने नोंदीचं वजन कमी होत नाही.

गिटहबच्या लिंकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. फाइल उघडून अॅड्रेस बारमधली लिंक उचलली की त्यात सहसा `/blob/main/` असं असतं. ही लिंक फाइलची आजची स्थिती दाखवते. पुढच्या सेमिस्टरला कोणी फाइलचं नाव बदललं किंवा कोड नव्याने लिहिला, तर लिंक तुटते किंवा भलतंच काही दाखवते. फाइल उघडी असताना कीबोर्डवर `y` दाबलं की लिंकमधल्या `main`च्या जागी त्या कमिटचा लांबलचक क्रमांक येतो आणि लिंक त्या क्षणाच्या कोडवर पक्की होते. बदलच दाखवायचा असेल तर `/commit/` असलेल्या पानाची लिंक द्या. तिथे जुनी ओळ लाल आणि नवी हिरवी दिसते. कोड न वाचणाऱ्यालाही काय बदललं ते कळतं.

रिपॉझिटरी पब्लिक करण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा. अशा प्रोजेक्टच्या कोडमध्ये घरच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सरळ लिहिलेले असतात. ती ओळ आज पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती दिसत राहते. साधा उपाय म्हणजे पासवर्डच बदलून टाकणं.

चिंतन किती आणि कसं?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये तीन प्रश्न मांडले होते: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं सहा टप्प्यांचं चक्रही बऱ्याच कोर्समध्ये शिकवतात. त्यात भावना, मूल्यमापन वगैरे वेगळे टप्पे आहेत. वहीत लिहिताना ते उपयोगी पडतं. पोर्टफोलिओच्या छोट्या नोंदीत मात्र सहा टप्प्यांना प्रत्येकी एकच वाक्य मिळतं आणि मजकूर फॉर्म भरल्यासारखा होतो. इथे बोर्टन यांचे तीन प्रश्न पुरतात. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत बसावा.

आपल्या विद्यार्थिनीचा मजकूर साधारण असा होईल:

'कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजताना रीडिंग एकाच आकड्यावर अडकलं. सेन्सर खराब आहे असं धरून आम्ही दुसरा मागवला. तोही तसाच वागला (लॉगबुक, आठवडा ६). मग मी वाय-फायचा कोड बंद करून तेच रीडिंग घेतलं आणि ते बरोबर आलं (स्क्रीनशॉट १ ते ३). ईएसपी३२ची एडीसी२ ही बाजू वाय-फाय वापरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सेन्सर ३४ नंबरच्या पिनवर हलवला (कमिटची लिंक). दोन सेन्सर एकसारखे चुकतात तेव्हा दोष त्या दोघांच्या समाईक भागात शोधायला हवा, हे यातून कळलं. पुढच्या प्रोजेक्टमध्ये वायर जोडण्याआधी पिनचा तक्ता तपासून लॉगबुकच्या पहिल्या पानावर लावणार आहे. हे यंत्र एकाच कुंडीच्या मातीवर तपासलं आहे; शेतातल्या मातीवर नाही.'

यात 'अमूल्य अनुभव' नाही, 'टीमवर्कचं महत्त्व' नाही. मधलं 'समाईक भाग' हे वाक्य सेन्सरपलीकडे जातं, आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येईल. शेवटचं वाक्य काढून टाकावंसं वाटतं, पण ते राहू द्या. वाचणारा जाणकार असेल तर त्याला ते विचारायचंच असतं. पोर्टफोलिओ इंग्रजीत असला तरी रचना हीच.

'मी' आणि 'आम्ही' कुठे वापरलंय तेही पाहा. तिघांचं काम असेल तर हा फरक ठेवायलाच हवा. अडचण येते ती सगळे कमिट एकाच मित्राच्या लॅपटॉपवरून गेले असतील तेव्हा. लिंकवर मग त्याचंच नाव दिसतं. अशा वेळी लॉगबुकमधलं कामवाटपाचं पान जोडावं आणि 'कमिट सहकाऱ्याच्या खात्यातून केलं आहे' असं नोंदीतच लिहावं. मित्राचं नाव किंवा फोटो टाकायचा असेल तर आधी त्याला विचारा.

लिंक दुसऱ्याकडे उघडते का?

बरेच पोर्टफोलिओ इथेच अडतात. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं उघडतं, कारण तिथे तुम्ही लॉग-इन असता. गुगल ड्राइव्हवरची फाइल मुळात 'Restricted' असते. ती 'Anyone with the link' आणि 'Viewer' अशी करावी लागते. कॉलेजच्या खात्यातून शेअर करताना तिथे कॉलेजचं नाव असलेला पर्यायही दिसतो. तो निवडला की लिंक फक्त कॉलेजच्या खात्यांना उघडते. मित्रांकडे उघडते, कंपनीकडे नाही. गुगल साइट्सवर पान पब्लिक असलं तरी आत बसवलेल्या ड्राइव्ह फाइलची परवानगी वेगळी असते. म्हणून पान दिसतं, पण फाइलच्या जागी परवानगी मागणारी चौकट.

तपासणी सोपी आहे. इन्कॉग्निटो विंडोमध्ये पान उघडा आणि प्रत्येक लिंकवर क्लिक करा. एकाही ठिकाणी लॉग-इन मागता कामा नये.

दुसरा धोका उशिरा कळतो. डिग्रीनंतर कॉलेज ते खातं बंद करू शकतं आणि त्यातल्या फाइलींच्या लिंक त्याच दिवशी मरतात. वैयक्तिक खात्यात फाइल कॉपी केली तर नवी प्रत तयार होते आणि तिची लिंकही नवी असते. पोर्टफोलिओतल्या लिंक आपोआप बदलत नाहीत. त्यामुळे पुराव्याच्या फाइली पहिल्यापासून वैयक्तिक खात्यात ठेवणं बरं. आणि संपूर्ण नोंदीची, स्क्रीनशॉटसकट, एक पीडीएफ प्रत स्वतःजवळ असू द्या.

काम कंपनीतल्या इंटर्नशिपचं असेल तर कोड आणि स्क्रीनशॉट परवानगीशिवाय बाहेर टाकता येत नाहीत. तिथे नोंद कोरडी ठेवण्यापेक्षा तोच दोष घरच्या बोर्डवर, स्वतःच्या कोडमध्ये पुन्हा घडवून दाखवता येतो का ते पाहा. वरच्या उदाहरणासाठी एक बोर्ड, एक सेन्सर आणि एक संध्याकाळ पुरेल.