रिकाम्या घाटाचे दहा सेकंद

वाईजवळच्या मेणवलीचा घाट अनेकांनी पडद्यावर पाहिला आहे. ‘स्वदेस’चं चित्रीकरण तिथे झालं होतं. समजा, त्या घाटावर एक साधा शॉट घ्यायचा आहे. संध्याकाळची वेळ, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला, पायरीवर बसलेली नायिका नदीकडे बघते आहे. शॉट बारा सेकंदांचा. तिच्या चेहऱ्यावर नेमका हवा तो भाव आला आणि तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून हातात पिशवी घेतलेला एक माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला. शिवाय कोपऱ्यात कुणाची तरी निळी प्लास्टिकची बादली राहून गेली आहे, हे घरी येऊन शॉट पाहताना लक्षात आलं.

हा शॉट वाचवता येतो, आणि तो वाचवण्याचा मार्ग म्हणजे ‘क्लीन प्लेट’. नको असलेली माणसं आणि वस्तू वगळून उरलेल्या मोकळ्या जागेचं त्याच कोनातून घेतलेलं चित्र, असा त्याचा अर्थ. ती प्लेट मूळ शॉटवर नेमकी बसवली की खालचा माणूस झाकला जातो. त्यासाठी कॅमेरा जराही हललेला नसावा लागतो. तो स्थिर असला की पहिल्या सेकंदाला पायरीचा एखादा दगड फ्रेममध्ये जिथे दिसतो, तिथेच तो बाराव्या सेकंदालाही दिसतो.

पिशवीवाला आणि बादली या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत. माणूस चालत गेला. तो डावीकडे होता तेव्हा उजवीकडच्या पायऱ्या मोकळ्या होत्या, आणि उजवीकडे पोहोचला तेव्हा डावीकडच्या. म्हणजे त्याच्यामागे काय होतं, ते याच शॉटमध्ये दुसऱ्या क्षणी टिपलेलं आहे. सुरुवातीच्या एका फ्रेमचा उजवा भाग आणि शेवटच्या एका फ्रेमचा डावा भाग जोडला की मागच्या पायऱ्या पूर्ण मोकळ्या मिळतात.

येणारी-जाणारी माणसं बरीच असतील तर हा जोडकामाचा खटाटोप संगणकावर सोपवता येतो. त्यामागचं गणित सुंदर आहे. पायरीवरचा एकच बिंदू घेऊ आणि अंतराअंतराने निवडलेल्या नऊ फ्रेममधला त्याचा उजेड मोजू: 112, 110, 113, 45, 41, 48, 111, 112, 110. मधले तीन आकडे पिशवीवाल्याच्या गडद शर्टाचे. सरासरी काढली तर 89 येते, म्हणजे पायरीवर माणसाची पुसट सावली उरते. पण आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला उचलला, तर 110 मिळतो, म्हणजे स्वच्छ दगडच. यालाच मध्यक म्हणतात. अट एवढीच की त्या बिंदूवरून माणूस निम्म्याहून कमी वेळ गेलेला असावा. तो तिथेच गप्पा मारत आठ सेकंद उभा राहिला, तर मध्यक त्यालाच पायरी समजेल.

प्लेट तयार झाली की ती सबंध फ्रेमवर टाकायची नाही. टाकली तर नायिकाही गोठेल, नदीही थांबेल. एडिटिंगमध्ये मूळ शॉट खाली ठेवायचा, प्लेट त्याच्या वरच्या लेयरवर ठेवायची, आणि पिशवीवाल्याच्या वाटेएवढाच मास्क काढून तेवढ्याच भागात ती दिसू द्यायची. मास्कची कड थोडी मऊ ठेवायची. नवशिक्यांकडून हमखास निसटते ती सावली. संध्याकाळचं ऊन तिरपं असतं, माणसाची सावली चार पायऱ्या खालपर्यंत पोहोचते, आणि पाणी जवळ असेल तर त्यात प्रतिबिंबही पडतं. माणूस पुसला आणि सावली तशीच चालत राहिली, तर ते आधीपेक्षा वाईट दिसतं.

प्लेट नीट बसली की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लेयर एकमेकांवर टाकण्याच्या पद्धतींत ‘डिफरन्स’ नावाची एक असते. ती वरच्या आणि खालच्या चित्रातला फक्त फरक दाखवते. जिथे दोन्ही सारखी, तिथे काळं. उजेड थोडा वाढवून या काळ्या चित्राकडे बघा. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रेघांसारख्या उमटल्या, तर कॅमेरा किंचित हलला आहे. आधी मूळ शॉट स्थिर करून घ्यावा लागेल. सगळीकडे सारखा करडा थर दिसला, तर मधल्या काळात ढग आला आणि उजेड बदलला. प्लेटचा उजेड त्या त्या सेकंदाप्रमाणे कमी-जास्त करावा लागेल. नुसती बारीक वळवळ दिसली, तर काम बरोबर आहे, कारण ती कॅमेऱ्याच्या सेन्सरची नैसर्गिक कणदार खळबळ आहे.

पण ही खळबळच पुढे दगा देते. एकाच फ्रेमपासून केलेल्या प्लेटमध्ये कण हलत नाहीत, आणि मध्यकाने तर ते जवळजवळ पुसूनच टाकलेले असतात. मोठ्या पडद्यावर आजूबाजूचं चित्र जिवंत दिसतं आणि तेवढा तुकडा मेल्यासारखा. म्हणून प्लेटवर मूळ शॉटशी जुळणारे कण पुन्हा चढवावे लागतात. शॉट पुरेसा मोठा असेल, तर मला दुसरा उपाय जास्त पटतो: थिजलेल्या फ्रेमऐवजी माणूस तिथे नसतानाचा चालता तुकडाच प्लेट म्हणून वापरायचा. माणूस पाण्यासमोरून किंवा झाडाच्या पानांसमोरून गेला असेल, तर याला पर्यायच नाही. गोठलेली लाट कुणाच्याही नजरेत भरते.

खरी कसोटी लागते ती तो माणूस नायिकेच्या डोक्यामागून जातो तेव्हा. हा सगळा भाग एक सेकंदाचा धरला, तरी सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने पंचवीस वेळा तिच्या डोक्याची कड हाताने आखून घ्यावी लागते. या कामाला रोटो म्हणतात. खांद्याची कड सोपी असते. वाऱ्यावर उडणाऱ्या केसांच्या बटा मात्र अर्धपारदर्शक असतात आणि त्यांतून मागच्या शर्टाचा रंग झिरपतो. तिथे प्लेट कितीही स्वच्छ असली तरी पूर्ण सुटका होत नाही. काही बटा सोडून द्याव्या लागतात किंवा नव्याने रंगवाव्या लागतात.

आता बादली. ती बाराही सेकंद जागची हललेली नाही. तीनशे फ्रेमपैकी एकीलाही तिच्यामागचा दगड ठाऊक नाही, त्यामुळे इथे मध्यकही निरुपयोगी. शेजारच्या पायरीचा तुकडा उचलून तिथे चिकटवता येतो, पण दगडांचे सांधे तिरपे जुळवावे लागतात, आणि शेवाळाचा तोच डाग दोनदा दिसला की डोळा लगेच पकडतो. पायऱ्या होत्या म्हणून निभावलं. बादलीच्या जागी कोरीव खांबापुढे ठेवलेली खुर्ची असती, तर तो खांब तिथल्या तिथे कुठूनच मिळाला नसता.

म्हणून शूट करणाऱ्यांना, मग ते मोठ्या युनिटचे असोत की मोबाइलवर लघुपट करणारे विद्यार्थी, एक कळकळीची विनंती. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स सुरुवातीलाच लॉक करा. ते आपोआप बदलत राहिले तर प्लेट कधीच जुळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर त्याचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, कारण ते स्थिर चित्रही हळूच सरकवतं. आणि टेक ओके झाला की लगेच ट्रायपॉड उचलू नका. कलाकारांना फ्रेमबाहेर बोलवा, बादली उचला, सावल्या सरू द्या, आणि कॅमेऱ्याला हात न लावता, तोच उजेड असताना, रिकाम्या जागेचे दहा सेकंद रेकॉर्ड करून घ्या.