बोटावरचा प्राणवायुमापक : आकडा कसा घ्यावा, कसा वाचावा

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी व स्वयंसेवक यांची पथके घरोघर गेली. त्यांनी प्रत्येकाच्या शरीराचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांनी पल्स ऑक्सिमीटर हे चिमट्यासारखे उपकरण त्याच सुमारास प्रथम पाहिले. कोविडची साथ ओसरली, पण उपकरण घरातच राहिले. न्यूमोनिया, दमा आणि फुफ्फुसांचे जुने विकार यांत आजही त्याचा उपयोग होतो. मात्र चुकीच्या रीतीने घेतलेला आकडा विनाकारण धावपळ करावयास लावतो, आणि चुकीच्या रीतीने वाचलेला आकडा खोटा दिलासा देतो. किनवट, माहूर किंवा देवणीच्या एखाद्या गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास काही तासांचा असू शकतो. तेथे या दोन्ही चुकांची किंमत अधिक पडते.

उपकरण काय मोजते ?

रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुफ्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचविते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचा रंग निराळा असतो. उपकरणाच्या एका बाजूने तांबडा प्रकाश व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून पलीकडे जातो. यांपैकी कोणता प्रकाश किती शोषला गेला, यावरून शंभर भागांपैकी किती भाग हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे, हे ठरविले जाते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात येणाऱ्या ताज्या रक्तावरच ही मोजणी अवलंबून असते. या मोजणीचे तत्त्व जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले.

पडद्यावर दोन आकडे दिसतात. %SpO2 या अक्षरांजवळचा आकडा प्राणवायूचा, तर PRbpm या अक्षरांजवळचा आकडा नाडीच्या दर मिनिटाच्या ठोक्यांचा होय. घाईत हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वाचले जातात. नाडीचा ९० हा आकडा प्राणवायूचा समजून घाबरून गेल्याचे किंवा त्याच्या उलट घडू शकते. म्हणून अक्षरे पाहूनच आकडा वाचावा.

आकडा घेण्याची रीत

रुग्णाने किमान ५ मिनिटे शांत बसावे. नखांवर रंग असल्यास तो पुसून काढावा. बोटाच्या टोकाला काळसर मेंदी असल्यास दुसरे बोट घ्यावे. हात गार असल्यास एकमेकांवर चोळून ऊबदार करावा, कारण गार बोटात रक्त कमी येते आणि आकडा खोटा उतरतो. हिवाळ्याच्या पहाटे किंवा भांडी-धुणे आटोपल्यावर लगेच मोजल्यास हीच अडचण येते.

यानंतर तर्जनी किंवा मधले बोट नख वर ठेवून उपकरणात टोकापर्यंत सारावे. हात छातीशी किंवा टेबलावर टेकवून स्थिर ठेवावा. भर उन्हात मोजू नये. आरंभी आकडा वरखाली होतो, तो टिपू नये. सुमारे एक मिनिट थांबून आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा.

आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे पारखण्याची एक साधी कसोटी आहे. दुसऱ्या हाताच्या मनगटावरील नाडी घड्याळ लावून एक मिनिट मोजावी. उपकरणातील नाडीचा आकडा तिच्याशी जवळपास जुळला, तर उपकरणाला रक्ताचा प्रवाह नीट सापडला आहे असे समजावे. दोहोंत मोठी तफावत असेल, तर प्राणवायूचा आकडाही ग्राह्य धरू नये. हात ऊबदार करून, बोट बदलून किंवा सेल बदलून पुन्हा मोजावे. मात्र रुग्ण दिसण्यातच अत्यवस्थ असेल, तर या खटपटीत वेळ दवडू नये.

कोणता आकडा काय सांगतो ?

निरोगी प्रौढ व्यक्तीचा विश्रांतीच्या स्थितीतील आकडा सर्वसाधारणपणे ९५ ते १०० असतो. ९४ आल्यास पुन्हा मोजावे आणि लक्ष ठेवावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये घरी विलग राहणाऱ्या कोविड रुग्णांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका तासात किमान तीन वेळा आकडा ९३ किंवा त्याहून कमी आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी, असे सांगितले होते. ताप-खोकल्याच्या इतर आजारांतही घरच्यांना ही मर्यादा उपयोगी पडते. आकडा ९० च्या खाली असेल आणि नाडी जुळत असेल, तर तिसऱ्या मोजणीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे उपकरण बिनचूक नाही. खऱ्या प्रमाणापेक्षा दोन ते चार अंकांचा फरक त्यात पडू शकतो. सावळ्या व काळ्या त्वचेच्या व्यक्तींमध्ये ते काही वेळा प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखविते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून एकाच आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा मानावा. काल ९७, आज सकाळी ९५ आणि दुपारी ९४ हा उतार स्वतःच एक इशारा आहे.

चालण्याची चाचणी

एप्रिल २०२१ च्या सुमारास राज्याच्या आरोग्य विभागाने घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचविली होती. प्रथम बसून आकडा घ्यावयाचा, घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावयाचे आणि लगेच पुन्हा मोजावयाचे. साठी ओलांडलेल्यांनी तीन मिनिटे चालले तरी पुरते. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला, ३ हून अधिक अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडे जावे. एक-दोन अंकांचा फरक पडल्यास काही तासांनी चाचणी पुन्हा करावी. बसूनच ज्याचा आकडा ९४ च्या खाली आहे, ज्याला धाप लागली आहे किंवा ज्याला दम्याचा विकार आहे, त्याने ही चाचणी करू नये. चाचणीच्या वेळी जवळ दुसरी व्यक्ती असावी.

एक उदाहरण

समजा, मुखेड तालुक्यातील एका गावी ६३ वर्षांच्या शेतकऱ्यास चार दिवस ताप व खोकला आहे. सायंकाळी हातपाय धुऊन आल्यावर मुलाने मोजले तो आकडा ८८ आला. घरात धावपळ उडाली. पण उपकरणात नाडी ५२ दिसत होती, आणि मनगटावर मोजली ती ९२ भरली. हात पुसून, चोळून, पाच मिनिटांनी पुन्हा मोजल्यावर आकडा ९५ आला आणि नाडी जुळली. पहिला आकडा गार बोटाचा होता. यानंतर तीन मिनिटे चालून मोजले तेव्हा ९३ आले. घसरण दोन अंकांची होती, म्हणून रात्री विश्रांतीत पुन्हा मोजण्याचे ठरले. रात्री आकडा ९४ आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका तासात तीन वेळा मोजले, तेव्हा ९२, ९३ व ९२ असे आकडे आले. हात ऊबदार होता, नाडी १०४ होती व ती मनगटाशी जुळत होती. छातीची हालचाल पाहून मोजलेला श्वास मिनिटाला २६ होता. रुग्ण मात्र "मला काही होत नाही, दुपारी बघू" असे म्हणत होता. या ठिकाणी रुग्णाच्या शब्दापेक्षा आकडा ऐकावयाचा असतो, कारण फुफ्फुसांच्या काही आजारांत प्राणवायू उतरला तरी सुरुवातीस धाप जाणवत नाही. आता चालण्याची चाचणीही करावयाची नाही. रुग्णास पाठीला आधार देऊन बसवावे, शौचासही चालवू नये आणि वाहनाची व्यवस्था करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे नांदेडजवळील विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे लागेल काय, हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

आकडा चांगला, तरीही धोका

आकडा ९८ असूनही रुग्ण गंभीर असू शकतो. रक्तक्षय झालेल्या स्त्रीच्या अंगात हिमोग्लोबिनच कमी असते, पण जेवढे आहे तेवढे प्राणवायूने भरलेले असल्याने आकडा उत्तम दिसतो. तिचा थकवा व धाप यांचे कारण उपकरण सांगत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते. दुसरा धोका धुराचा आहे. थंडीत बंद खोलीत शेगडी किंवा चूल पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि घरगुती उपकरण त्याला प्राणवायूच समजते. अशा खोलीत कोणी डोके दुखून, गुंगी येऊन पडले असेल, तर आकड्याकडे न पाहता त्यास मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

म्हणून पुढील लक्षणे असल्यास आकडा काहीही असो, वैद्यकीय मदत घ्यावी : एक वाक्य पुरे बोलता न येणे, ओठ किंवा जीभ निळसर होणे, छातीत दुखणे किंवा दडपण येणे, गोंधळल्यासारखे वागणे अथवा जागे न होणे, श्वास मिनिटाला २४ हून अधिक असणे.

जुने विकार आणि लहान मुले

तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे वर्षानुवर्षे बसलेल्या स्त्रिया आणि विडी ओढणारे पुरुष यांपैकी काहींना फुफ्फुसांचा जुना विकार जडतो. त्यांचा बरे असतानाचा आकडाच ९१-९२ असू शकतो. तो आधीच लिहून ठेवावा आणि किती घसरण झाल्यास यावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अशा रुग्णास घरच्या घरी, सल्ल्यावाचून सिलिंडरचा प्राणवायू देऊ नये. त्यांपैकी काहींना जादा प्राणवायू अपाय करतो.

प्रौढांचा चिमटा तान्ह्या मुलाच्या बोटावर नीट बसत नाही आणि आकडा चुकतो. मूल शांत असताना पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, त्यास लगेच दाखवावे.

कागदावरील नोंद

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत सामायिक उपकरण ठेवले असेल, तर प्रत्येक वापरानंतर ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावे आणि सेल संपले नाहीत ना, हे पाहावे. त्याजवळ एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, प्राणवायू, नाडी, श्वास आणि मोजणी बसून की चालून घेतली, एवढे सहा रकाने पुरेत. रुग्ण रवाना होताना त्या नोंदीची प्रत सोबत द्यावी. "काल बरे होते, आज कमी आले" या सांगण्यापेक्षा त्या कागदावरील चार ओळींवरून डॉक्टरांना आजाराचा वेग कळतो, आणि उपचार कोठून सुरू करावयाचा हे ठरविणे सोपे जाते.